लांबवलेला सा कुठे विरतो?

शनिवारी संध्याकाळी साडेसातला मावशीचा गाण्याचा वर्ग असतो. इकडे पुण्यात दिवेलागण झालेली असते, तिकडे न्यू जर्सीत उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळचे दहा. शिष्या विशीतली, मराठी घरातली. घरचे सगळे मराठीत बोलत असल्यामुळे तिला भाषेची अडचण नाही, आणि गळाही चांगला. पहिल्या चार वर्गांत मात्र मावशी तिच्यावर सारखी चिडत होती. "अगं, सा का सोडतेस? धरून ठेव ना!" आणि तिकडून काकुळतीचा आवाज यायचा, "ताई, मी सोडला नाही हो. अजून लावलेलाच आहे."

एका शनिवारी मी शेजारी बसून ऐकलं. पोरीनं सा लावला तेव्हा तो स्वच्छ आला. दोन-तीन सेकंदांनी हळूहळू बारीक होत गेला आणि अखेरीस पार विरला. पडद्यावर तिचं तोंड उघडंच होतं, श्वास संपलेला नव्हता. तिनं रे घेतला तशी आवाज पुन्हा खणखणीत उमटला, आणि थोड्या वेळानं तोही विरला. तिनं फोनवर लावलेला तानपुरा तर आम्हाला एकदाही ऐकू आला नव्हता. मावशीला वाटत होतं, मुलगी तानपुऱ्याशिवायच गाते आहे.

नेट खराब असेल म्हणून आम्ही ते सोडून दिलं असतं. पण नेट खराब असलं की आवाज असा विरत नाही. तो तुटतो, मधली अक्षरं गळतात, गाणाऱ्याचा घोगरा यंत्रमानव होतो, आणि हे बोलतानाही तितकंच होतं. इथे बोलणं मात्र अगदी स्पष्ट येत होतं. फक्त धरलेला सूर जात होता. म्हणजे वाटेत कुणीतरी तो जाणूनबुजून पुसत होतं.

पुसणारा होता कॉलच्या ॲपमधला गोंगाट कमी करणारा भाग. हा भाग बोलण्यासाठी घडवलेला आहे आणि त्याची समज सोपी आहे. माणसाचं बोलणं सतत बदलतं: अक्षर येतं, तुटतं, चढतं, उतरतं, मध्ये श्वास पडतो. जो आवाज बदलत नाही, एकाच जागी घूं करत राहतो, तो पंखा असणार, एसी असणार, नाहीतर फ्रीज. म्हणून न बदलणारा आवाज ओळखायचा आणि हळूच खाली दाबायचा. कचेरीतल्या मीटिंगला हे वरदान आहे. पण आपल्या गाण्याचा पायाच न बदलणाऱ्या सुरावर आहे. तानपुरा म्हणजे तर अखंड, एकसारखा, मुद्दाम न बदलणारा नाद. यंत्राच्या कानाला तो छतावरच्या पंख्याचा सख्खा भाऊ वाटतो. आणि विद्यार्थी सुराशी जितका प्रामाणिक, सा जितका स्थिर आणि कंपहीन, तितका तोही पंख्याच्या जातीत जाऊन बसतो. चार वर्ग त्या मुलीला बोलणी खावी लागली ती तिचा सा चांगला लागत होता म्हणून, हे कळल्यावर मावशीला फार वाईट वाटलं.

यावरचा उपाय मिळतो, फक्त तो सेटिंगमध्ये आत दडलेला असतो. झूमवर संगीतासाठी वेगळी सोय आहे. लॅपटॉपवरच्या ॲपमध्ये Settings मध्ये Audio उघडलं की Original sound for musicians हा पर्याय दिसतो. तो निवडला की माइकचा आवाज गाळणीतून न जाता आहे तसा पुढे जातो. त्याच्याखाली High-fidelity music mode आहे. तो लावला की आवाजाला जास्त जागा मिळते, त्यामुळे तानपुऱ्याच्या तारांमधून उमटणारी बारीक जवारीसुद्धा बऱ्यापैकी पोचते. कॉल सुरू झाल्यावर खिडकीच्या वरच्या कडेला Original sound असं बटण येतं. दर वर्गाला ते चालू आहे का हे डोळ्यांनी बघून घ्यावं. गूगल मीटवर असाच शोध Settings मधल्या Audio पानावर घ्यायचा आणि तिथला गोंगाट कमी करणारा पर्याय बंद करायचा. आयफोन, आयपॅड किंवा मॅक वापरत असाल तर आणखी एक गाळणी यंत्राच्या स्वतःच्या पोटात असते. कॉल चालू असताना कंट्रोल सेंटर उघडलं की Mic Mode दिसतं. तिथे Voice Isolation असेल तर ते बदलून Wide Spectrum करायचं, नाहीतर ॲपमध्ये सगळं नीट केलेलं असूनही तानपुरा गायबच राहतो.

इथे एक महत्त्वाचं: हे सगळं करायचं ते ज्याचा आवाज जातो आहे त्याच्या लॅपटॉपवर. मावशीनं स्वतःच्या लॅपटॉपवर कितीही बटणं दाबली तरी शिष्येचा सा परत आला नसता, कारण तो न्यू जर्सीतून निघतानाच पुसला जात होता. आम्ही फोनवर एकेक पायरी सांगत गेलो, तिनं बटणं फिरवली, आणि पाचव्या वर्गात तिचा तानपुरा पहिल्यांदा पुण्यात वाजला. मावशी दोन मिनिटं काही बोललीच नाही, नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पंचम जरा उतरलाय गं तुझा." म्हणजे वर्ग खऱ्या अर्थानं सुरू झाला.

गाळणी काढली की चांगल्याबरोबर सगळंच आत येतं. कुकरची शिट्टी, रस्त्यावरची रिक्षा, लॅपटॉपचा स्वतःचा पंखा. त्यामुळे आता खोलीच आपल्याला गप्प करावी लागते. मावशी वर्गाच्या वेळी छतावरचा पंखा बंद ठेवते आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेते. गाणारी व्यक्ती माइकपासून साधारण हातभर अंतरावर आणि तानपुऱ्याचा फोन तिच्या मागे तीन-चार फुटांवर, असं ठेवलं की गळा पुढे आणि तानपुरा मागे राहतो. माइकची पातळी आपोआप वरखाली करणारी Automatically adjust microphone volume ही खूण दिसली तर तीही काढावी. ती असली की आलापातला हळुवार सूर मोठा करून दाखवला जातो आणि तान वर गेली की दाबली जाते. मग गाण्यातलं लहानमोठं कुणी ठरवलं, गाणाऱ्यानं की यंत्रानं, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

आता प्रतिध्वनीकडे येऊ, कारण गाळणी काढल्यावर पुढच्याच आठवड्यात तो आला. मावशी गायली की तिचाच आवाज अर्ध्या सेकंदाच्या आत तिकडून परत ऐकू यायचा. तिनं सवयीनं आपल्याच लॅपटॉपचा आवाज कमी केला. पण प्रतिध्वनीचा नियम उलटा आहे: तुम्हाला तुमचाच आवाज परत ऐकू येत असेल तर चूक समोरच्या खोलीत असते. मावशीचा आवाज न्यू जर्सीतल्या लॅपटॉपच्या स्पीकरमधून बाहेर पडत होता, खोलीत फिरून तिथल्याच माइकमध्ये शिरत होता आणि पुण्याला परतत होता.

एरवी हे होत नाही, कारण प्रत्येक कॉलच्या ॲपमध्ये प्रतिध्वनी काढणारा एक भाग बसलेला असतो. स्पीकरमधून आपण काय सोडलं हे त्याला माहीत असतं. तोच आवाज खोलीतून माइकपर्यंत कसा पोचेल याचा तो अंदाज बांधतो आणि माइकमध्ये आलेल्या आवाजातून तेवढा वजा करतो. वजाबाकी पूर्ण जमत नाही. मग जे उरतं ते दाबण्यासाठी तो त्या क्षणाचा माइकच थोडा खाली आणतो. दोघं एकेक करून बोलत असतील तर हे कळतही नाही. दोघांचे आवाज एकाच वेळी आले की मात्र घोळ होतो. पलीकडचा आवाज काढताना अलीकडच्याचाही गळा कापला जातो.

गाण्याच्या वर्गात हा घोळ कायमचाच असतो. पुण्यातून मावशीचा तानपुरा अखंड येतो आहे, न्यू जर्सीतल्या स्पीकरमधून वाजतो आहे, आणि त्याच्यावर मुलगी गाते आहे. म्हणजे यंत्राच्या दृष्टीनं दोघी सतत एकदम बोलत आहेत. त्यातून मुलगी त्याच तानपुऱ्याच्या सुरात गाते. काय पलीकडचं आणि काय अलीकडचं हे वेगळं करण्याचा यंत्राला जो आधार असतो तोच नाहीसा होतो. बेसुर गाणारा वेगळा ओळखू येतो, सुरात मिसळून गाणारा तानपुऱ्याबरोबर वजा होण्याचा धोका जास्त. मुलीचा आवाज अधूनमधून बुडायचा त्याचं हे दुसरं कारण होतं, आणि ते पहिल्यापेक्षा वेगळं ओळखता येतं. गोंगाटाची गाळणी सूर हळूहळू विरवते, समोरचा गप्प असतानाही. प्रतिध्वनीची गाळणी फक्त समोरून आवाज येत असतानाच कापते आणि समोरचा थांबला की गळा मोकळा होतो. मावशीनं तानपुरा थांबवून बघितला, मुलीचा आवाज भरून आला. तेवढ्यात कळलं.

यावर एकच चांगला इलाज आहे आणि तो स्वस्त आहे: दोन्हीकडे वायरचे इअरफोन. पलीकडचा आवाज खोलीत बाहेरच पडला नाही तर तो माइकमध्ये शिरणार कसा? मग वजाबाकीची गरजच उरत नाही. Original sound च्या खालीच Echo cancellation असा पर्याय असतो. इअरफोन लावलेले असतील तर तो निश्चिंतपणे बंद ठेवता येतो. इअरफोन नसतील तर तो बंद करू नये, नाहीतर मावशीला आला तसा प्रतिध्वनी येणारच. दोन्ही कान बंद झाले की आपलाच गळा नीट ऐकू येत नाही, अशी बऱ्याच गाणाऱ्यांची तक्रार असते आणि ती रास्त आहे. एकच कान लावून दुसरा मोकळा ठेवला तरी चालतं. फक्त मोकळा लोंबणारा तुकडा माइकजवळ बोलत राहू नये म्हणून तो पदराखाली किंवा कॉलरच्या आत खोचून ठेवायचा.

वायरचे म्हणतो आहे ते जुनाट हट्टानं नाही. ब्लूटूथचे इअरफोन गाणं ऐकताना छान वाजतात, पण त्यांचाच माइकही वापरायला घेतला की ते सहसा फोनवर बोलण्याच्या तऱ्हेत जातात आणि आवाज चपटा, नाकातला होतो. वर त्यांचा स्वतःचा उशीर असतो. त्यांच्यातून शिकणारा विद्यार्थी आधीच दूर असलेल्या गुरूला आणखी दूर ढकलतो.

उशिराची गोष्ट मात्र कोणत्याही बटणानं सुटत नाही. पुण्याहून न्यू जर्सी सरळ रेषेत मोजलं तर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या सुमारास धावतो. म्हणजे तार अगदी सरळ असती तरी आवाजाला एका बाजूनं जायलाच साठेक सहस्रांश सेकंद लागले असते. खऱ्या तारा वळसे घेत जातात, वाटेतल्या यंत्रांना वेळ लागतो, आवाजाची पाकिटं बांधायला-सोडायला लागतो. एका बाजूचा उशीर 130 सहस्रांश सेकंद धरला तर तो बराच चांगला कॉल म्हणायचा. समोरासमोरच्या बैठकीत तबलजी दोन मीटरवर असतो आणि त्याचा आवाज गायकापर्यंत सहा सहस्रांश सेकंदांत पोचतो. पंचवीस-तीसच्या पुढे गेलं की एकत्र वाजवणाऱ्यांची लय ओढायला लागते.

हे आकडे कोरडे वाटतील, पण त्यांनी आमच्या वर्गात एक खरोखरचा अन्याय घडवला होता. भूपातली मध्यलयीची बंदिश चालली होती, तीनताल, मात्रा अर्ध्या सेकंदाची. ठेका मावशीच्या तबल्याच्या ॲपवर पुण्यात लावलेला. तो मुलीपर्यंत 130 सहस्रांश उशिरा पोचला. तिनं त्या ठेक्यावर अगदी नेमकी सम गाठली. तिचा आवाज परत यायला आणखी 130. पुण्यात मावशीला समेचा धा ऐकू आल्यानंतर 260 सहस्रांशांनी मुलीची सम ऐकू आली, म्हणजे अर्धी मात्रा मागे. "मागे पडतेस, पुढे ये," मावशी म्हणाली. मुलगी बिचारी पुढे आली. आता ती तिच्या खोलीत खरोखरच चुकीचं, समेच्या आधी गात होती, आणि मावशी म्हणत होती, "हां, आता बरोबर." तीन आठवडे एक मुलगी बेताल गायला शिकत होती, तेही दोघींच्या प्रामाणिक मेहनतीनं.

द्रुत लयीत मात्रा पाव सेकंदाची झाली तर हाच उशीर पूर्ण मात्रा खातो. उलट विलंबितात एकेक मात्रा चार सेकंदांची असली तर तो जवळजवळ जाणवतही नाही. म्हणून विलंबित ठीक येतंय आणि द्रुतात मुलगी घसरते, असं एखाद्या शिक्षकाला दिसलं तर मुलीला बोल लावण्यापूर्वी ठेका कुठे वाजतोय ते विचारावं.

ठेका गाणाऱ्याच्या खोलीत वाजला पाहिजे, एवढंच त्याचं उत्तर. मुलगी आपल्याकडे ठेका लावते, त्यावर गाते, आणि तिचा गळा व तिचा ठेका एकाच पाकिटातून निघतात. दोघांनाही सारखाच उशीर होतो, त्यामुळे पुण्यात पोचल्यावर त्यांचं आपसातलं नातं जसंच्या तसं असतं. सम चुकली तर खरीच चुकलेली असते. तानपुऱ्याचंही तसंच. तालासारखी त्याची घाई नसते, पण जो गातो त्याच्या खोलीत तो असला की प्रतिध्वनीचा घोळही टळतो. दोन्हीकडचे तानपुरे काळी चारला लावलेले असले तरी एकदा एकमेकांशी ताडून बघावे लागतात. मावशीचा खरा तानपुरा ॲपपेक्षा केसभर उतरलेला असला की मुलीला एक सा मावशीकडून आणि दुसरा स्वतःच्या फोनवरून मिळतो. ठेका आणि तानपुरा लॅपटॉपवर न लावता वेगळ्या फोनवर लावावेत. लॅपटॉपनं स्वतः सोडलेला आवाज त्याच्याच प्रतिध्वनी काढणाऱ्या भागाच्या तावडीत सापडू शकतो. फोनचा आवाज त्याला खोलीतलाच वाटतो.

एखाद्या जुन्या गायकाची ध्वनिमुद्रिका वर्गात ऐकवायची असते तेव्हा फोन लॅपटॉपच्या माइकसमोर धरू नये. तसं केलं की गाणं स्पीकर, खोली, माइक असा सगळा प्रवास करून फाटकं होऊन जातं. झूमवर Share निवडताना खाली Share sound ची खूण असते. ती केली की लॅपटॉपमधलं गाणं सरळ तिकडे पोचतं. मीटवर ब्राउझरचा टॅब शेअर करताना त्याचा आवाजही पाठवण्याची खूण असते. त्या वेळी मावशीच्या कानात इअरफोन नसतील तर तेच गाणं तिच्या माइकमधूनही दुसऱ्यांदा जातं आणि तिकडे दुहेरी ऐकू येतं, म्हणून तेवढ्यापुरता माइक बंद. आणि मुलीनं त्या गाण्याबरोबर गायचं नाही, ऐकायचं फक्त.

नेट खरोखरच कमी पडतं तेही दिवस येतात. मग आवाज पुन्हा तुटतो, बोलणंही तुटतं. त्या वेळी संगीताची सेटिंग काढण्याआधी दोघींनी चित्र बंद करून पाहावं. चित्राला आवाजाच्या कितीतरी पट जागा लागते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानं गाणं परत येतं. लॅपटॉपला वायफायऐवजी तारेनं जोडलं तर आणखी बरं.

इतकं सगळं करूनही एक गोष्ट होत नाही. गुरू आणि शिष्य एकत्र गाऊ शकत नाहीत. खोलीत समोर बसून मावशी तान घेते आणि शिष्या तिच्या मागोमाग त्याच तानेत शिरते, ते साडेबारा हजार किलोमीटरवरून घडत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेल्या जॅकट्रिपसारखी खास साधनं उशीर खूप कमी करतात. पण तीही एकाच शहरातल्या किंवा जवळच्या शहरांतल्या, तारेनं जोडलेल्या लोकांसाठी. समुद्र ओलांडून जाणारा प्रकाश काही त्यांच्यासाठी जास्त वेगानं धावत नाही.

म्हणून मावशीनं शिकवण्याची रीतच थोडी बदलली. ओळ ती एकटी गाते, पूर्ण, आपल्या तानपुऱ्यावर, आणि तोपर्यंत मुलीचा माइक बंद असतो. मग मुलगी आपल्या तानपुऱ्यावर, आपल्या ठेक्यावर तीच ओळ म्हणते. शिवाय आठवड्यातून एकदा ती स्वतःच्या फोनवर गाणं ध्वनिमुद्रित करून पाठवते. त्याला नेटचा काही संबंध नसतो, म्हणून त्यात सुराची बारीक चूक सगळ्यात चांगली पकडता येते. मध्ये हात दाखवायचा, "थांब, परत," म्हणायचं, ते सगळं राहतं, फक्त पाव सेकंद उशिरा पोचतं आणि तेवढं दोघींनी गृहीत धरलेलं असतं.

परवाच्या शनिवारी भूपाचा अंतरा चालला होता. मावशीनं ओळ संपवली, तानपुऱ्याच्या तारांवर तळहात ठेवून त्या शांत केल्या, माइक बंद केला. क्षणभर कानात काहीच नव्हतं. मग तिकडचा माइक उघडला आणि गळ्याच्या आधी तानपुरा आला.